नंबर आपला, चावी कोणाकडे? मोबाईल पोर्टिंगची पार्श्वभूमी

दोन दशकांपूर्वी कोणाचा मोबाईल नंबर कानावर पडला की तो कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे, हे पहिल्या पाच आकड्यांवरूनच कळत असे. ९८२२० म्हणजे उर्वरित महाराष्ट्रातील आयडिया, ९८२१० म्हणजे मुंबईतील बीपीएल आणि ९४२२ ने सुरुवात झाली की बीएसएनएल, अशी ओळख दुकानदारांपासून रिक्षाचालकांपर्यंत सर्वांना तोंडपाठ होती. ही केवळ सवयीने झालेली ओळख नव्हती, कारण संपूर्ण टेलिफोन यंत्रणा याच आकड्यांच्या भरवशावर चालत होती. दूरसंचार विभाग प्रत्येक कंपनीला परवाना क्षेत्रानुसार नंबरांची मालिका नेमून देत असे आणि कॉल कोणाच्या जाळ्यात सोडायचा, हे एक्स्चेंज त्या मालिकेवरूनच ठरवत असे. कंपनी बदलायची तर नंबरही सोडावा लागे, आणि ज्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर, लेटरहेडवर आणि शेकडो गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये पोचला होता, तो सेवा कितीही वाईट झाली तरी जागचा हलत नसे.

नंबर ग्राहकाबरोबर जाऊ द्यावा, हा विचार भारतात उशिरा आला. सिंगापूरमध्ये त्याची सुरुवात १९९७ मध्ये झाली, ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये १९९९ मध्ये ही सोय आली, अमेरिकेत मोबाईलधारकांना ती नोव्हेंबर २००३ मध्ये मिळाली आणि पाकिस्तानातही २००७ मध्ये ती सुरू झाली. आपल्याकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २००६ मध्ये शिफारस केली. त्यानंतर मध्यस्थ संस्था निवडण्यात, नियम करण्यात आणि कंपन्यांनी आपापली यंत्रणा सज्ज करण्यात चार वर्षांहून अधिक काळ गेला. मूळ नियमावली सप्टेंबर २००९ मध्ये आली, पण अंमलबजावणीची मुदत त्यानंतरही एकदा सोडून अनेकदा पुढे ढकलली गेली. शेवटी २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात प्रारंभ झाला आणि २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर लागू झाली.

त्या वेळी ती आपापल्या परवाना क्षेत्रापुरतीच होती. येथे आपल्याकडील एक विचित्र भूगोल लक्षात घ्यावा लागतो. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. त्यामुळे पणजीहून नागपूरला गेलेला माणूस या नकाशानुसार आपल्याच क्षेत्रात राहतो, पण पुण्याहून मुंबईला गेलेला मात्र क्षेत्राबाहेर पडतो. २०११ मध्ये नोकरीसाठी पुणे सोडून मुंबईत आलेल्याला पुण्याचा नंबर मुंबईतील कंपनीकडे नेता येत नव्हता. मग तो एकतर रोमिंगचे पैसे भरत राही किंवा नवा नंबर घेई. क्षेत्राबाहेरच्या पोर्टिंगला परवानगी मिळाली ती ३ जुलै २०१५ पासून.

पोर्ट केलेला नंबर सापडतो कसा, हे समजून घेतले की पुढची बरीच गुंतागुंत आपोआप उलगडते. समजा ९८२२० ने सुरू होणारा एखादा नंबर दुसऱ्या कंपनीकडे गेला आहे आणि नाशिकहून कोणी तो फिरवला. पहिले आकडे आता दिशाभूल करणारे आहेत. यावर जगात दोन उपाय रूढ झाले. एका उपायात कॉल आधी मूळ कंपनीकडे जातो आणि तिने तो पुढे नव्या कंपनीकडे पाठवायचा. ब्रिटनने हा मार्ग धरला. भारताने दुसरा मार्ग निवडला. येथे कॉल जेथून निघतो त्या कंपनीनेच आधी पाहायचे की हा नंबर सध्या कोणाकडे आहे. त्यासाठी प्रत्येक कंपनीजवळ पोर्ट झालेल्या नंबरांची यादी असते, यादीत नंबर आढळला की त्याच्यापुढे नव्या कंपनीचा एक मार्गसूचक संकेतांक जोडला जातो आणि कॉल थेट योग्य जाळ्यात उतरतो. परदेशातून आलेल्या कॉलसाठी ही पाहणी तो कॉल भारतात उतरवून घेणारी कंपनी करते. मूळ कंपनीचा या प्रवासात काहीही संबंध राहत नाही.

या निवडीचे मोल मुंबईकरांना नोव्हेंबर २०१४ मध्ये कळले. जुन्या बीपीएलचे पुढे लूप मोबाईल झाले होते. तिच्या परवान्याची मुदत संपली आणि कंपनी बंद पडली. ज्यांनी वेळेत पोर्टिंग केले त्यांचे ९८२१० चे नंबर पुढेही वाजत राहिले. कॉल मूळ कंपनीमार्फत पुढे जाण्याची पद्धत येथे असती, तर मूळ कंपनीबरोबर ते नंबरही गेले असते.

पोर्ट झालेल्या नंबरांची यादी अद्ययावत ठेवण्याचे काम कोणत्याही मोबाईल कंपनीकडे न देता मध्यस्थ संस्थांकडे देण्यात आले. त्यासाठी देशाचे दोन विभाग केले गेले. उत्तर व पश्चिम विभागात, ज्यात मुंबई तसेच महाराष्ट्र-गोवा येतात, हे काम सिनिव्हर्सकडे गेले आणि दक्षिण व पूर्व विभागात टेलकॉर्डियाच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या संस्थेकडे. एखादा नंबर पोर्ट झाला की मध्यस्थ संस्था ते सर्व कंपन्यांना कळवते आणि प्रत्येक कंपनी आपल्या यादीत तशी नोंद करते. प्रत्यक्ष बदल बहुधा रात्री होतो. जुने सिम बंद पडते, काही तास फोनवर नेटवर्क दिसत नाही आणि नंतर नवे सिम सुरू होते. एखाद्या कंपनीच्या यादीत नोंद उशिरा झाली तर सकाळी एक चमत्कारिक अवस्था दिसते. आपण सगळ्यांना फोन करू शकतो, काहींचे फोन आपल्याला येतात, पण ठरावीक एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन मात्र पोचत नाहीत. अशा वेळी आपल्या फोनमध्ये किंवा सिममध्ये दोष शोधण्यात अर्थ नसतो. कोणत्या कंपनीचे कॉल येत नाहीत ते टिपून नव्या कंपनीला सांगावे, म्हणजे दोष कोठे आहे हे तिला लगेच कळते.

तंत्राची बाजू अशी पहिल्यापासून नीट बसवलेली होती. अडचण निर्माण झाली ती परवानगीच्या बाजूला. २०११ च्या रचनेत ग्राहकाने 1900 या क्रमांकावर संदेश पाठवायचा आणि उत्तरात त्याला आठ अक्षर-अंकांचा एक संकेत मिळायचा, ज्याला यूपीसी म्हणतात. तो संकेत नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा, नव्या कंपनीने अर्ज मध्यस्थाकडे पाठवायचा, मध्यस्थाने जुन्या कंपनीला विचारायचे आणि जुन्या कंपनीने मान्यता द्यायची किंवा कारण दाखवून नकार द्यायचा. हा संकेतही जुनी कंपनीच देत असे. म्हणजे ज्या घरातून निघायचे त्या घराच्या दाराची चावी घरमालकाच्या खिशात आणि बाहेर पडू द्यायचे की नाही याचा निर्णयही त्याचाच, अशी ती व्यवस्था होती. नकाराची कारणे नियमांनी मोजकी ठेवली होती आणि चुकीच्या नकाराला दंडाची तरतूदही पुढे झाली, पण ग्राहकाच्या दृष्टीने मुख्य त्रास वेगळाच होता. नकार येत असे तो शेवटी. संकेत हातात पडला, नवे सिम घेतले, कागदपत्रे दिली, चार-सहा दिवस वाट पाहिली आणि मग कळायचे की अर्ज फेटाळला गेला.

माझा स्वतःचा पहिला अर्ज याच अवस्थेत अडकला होता. दुकानदाराने संकेतातील बी हे अक्षर आठ म्हणून नोंदवले. आठवडाभराने नकाराचा संदेश आला तेव्हा संकेत जुळत नाही एवढेच त्यात लिहिले होते. संकेत मी माझ्या फोनवरून वाचून दाखवला होता आणि माझ्या मते तो बरोबर होता, त्यामुळे चूक कोठे आहे हे शोधायला आणखी दोन फेऱ्या झाल्या. न जुळणारा किंवा मुदत संपलेला संकेत हे त्या काळी फेटाळलेल्या अर्जांचे एक मोठे कारण होते. ग्राहक पात्र असूनही अर्ज परत येत होते, कारण संकेत देणारा एक, तो हाताने भरणारा दुसरा आणि तपासणारा पुन्हा पहिलाच.

या व्यवस्थेची खरी परीक्षा २०१८ च्या आरंभी झाली. एअरसेल कंपनीने जानेवारीच्या अखेरीस महाराष्ट्रासह काही क्षेत्रांतील सेवा गुंडाळली आणि फेब्रुवारीअखेर ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तमिळनाडूत तिचे ग्राहक फार मोठ्या संख्येने होते आणि तेथे टॉवरच बंद पडू लागल्याने फोनवर नेटवर्क नव्हते. नेटवर्क नाही म्हणून 1900 वर संदेश जात नाही, संदेश जात नाही म्हणून संकेत येत नाही आणि संकेत नाही म्हणून बाहेर पडता येत नाही, अशा कोंडीत लाखो लोक सापडले. ट्रायला अपवादात्मक सूचना काढून त्यांच्या संकेतांची मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढवावी लागली. संकेत देण्याचा अधिकार जुन्या कंपनीकडे ठेवला तर ती कंपनीच मरणपंथाला लागल्यावर काय होते, हे त्या दोन महिन्यांत सर्वांनी पाहिले.

१३ डिसेंबर २०१८ रोजी ट्रायने नियमावलीत सातवी दुरुस्ती केली आणि तयारीला वेळ देऊन ती १६ डिसेंबर २०१९ पासून अमलात आणली. वरवर पाहता बातमी अशी होती की पोर्टिंग आता सात दिवसांऐवजी तीन दिवसांत होणार. खरा बदल याहून खोल होता. संकेत तयार करण्याचे काम जुन्या कंपनीकडून काढून मध्यस्थ संस्थेकडे देण्यात आले. आता ग्राहकाने 1900 वर संदेश पाठवला की मध्यस्थ संस्था त्याच क्षणी जुन्या कंपनीच्या नोंदीत ठरलेल्या गोष्टी तपासते. सर्व अटी पुऱ्या असतील तरच संकेत तयार होतो, आणि एखादी अट अपुरी असेल तर संकेताऐवजी कारण सांगणारा संदेश येतो. वैयक्तिक ग्राहकाच्या बाबतीत जुन्या कंपनीची वेगळी मान्यता त्यानंतर लागत नाही. पूर्वी नकार प्रवासाच्या शेवटी मिळत असे, तो आता उंबरठ्यावरच मिळतो. म्हणूनच आजच्या व्यवस्थेत ज्याला यूपीसी मिळाला त्याने अर्ध्याहून अधिक वाट पार केली असे समजायला हरकत नाही.

संदेशाचे रूप अजूनही तेच आहे:

```
PORT 98220XXXXX
```

हा संदेश ज्या नंबराचे पोर्टिंग करायचे आहे त्याच नंबरावरून 1900 ला जावा लागतो. येथे पहिला अडथळा अगदी साधा असतो, तो म्हणजे संदेश जातच नाही. स्वस्त रिचार्जमध्ये बाहेर जाणाऱ्या संदेशांची सोय नसणे ही एके काळी मोठी तक्रार होती. पोर्टिंग करायचे म्हणून आधी महागडे रिचार्ज करावे लागे, ज्या कंपनीला सोडून जायचे तिच्याच तिजोरीत आणखी भर. ट्रायने ७ डिसेंबर २०२१ रोजी सर्व कंपन्यांना आदेश दिला की रिचार्ज कितीचे आहे हे न पाहता प्रीपेड व पोस्टपेड अशा प्रत्येक ग्राहकाला 1900 वर संदेश पाठवता आला पाहिजे. तरीही संदेश जात नसेल तर बहुधा नंबराची वैधता संपून सेवा थांबलेली असते किंवा फोनमध्ये दोन सिम असून संदेश दुसऱ्याच सिमवरून गेलेला असतो. जम्मू-काश्मीरमधील प्रीपेड ग्राहकांसाठी मात्र संदेशाऐवजी 1900 ला फोन करण्याची वेगळी पद्धत आहे.

संदेश गेला आणि संकेताऐवजी नकार आला, तर कारणे थोडीच असतात. नंबर सुरू होऊन किंवा आधीच्या पोर्टिंगपासून नव्वद दिवस झालेले नसणे हे त्यातील सर्वांत सरळ कारण. नवी योजना पाहून दर महिन्याला कंपनी बदलू पाहणाऱ्याला ते लागू पडते आणि त्यावर दिवस मोजण्याशिवाय उपाय नाही. नंबर न्यायप्रविष्ट प्रकरणात असणे किंवा न्यायालयाने त्यावर बंदी घातलेली असणे ही कारणे सामान्य ग्राहकाच्या वाट्याला क्वचितच येतात. वास्तविक घोळ होतो तो दोन ठिकाणी, मालकीत आणि बिलात.

मालकीचा घोळ आपल्या घरांमध्ये फार आहे. एकाच्या आधारकार्डावर घरातल्या सगळ्यांची सिमकार्डे घेतलेली असतात, आणि मुलगा नोकरीला लागला, बहिणीचे लग्न झाले किंवा वडील गेले की नंबर खऱ्या वापरकर्त्याच्या नावावर करण्याची आठवण होते. नेमके त्याच वेळी कंपनी बदलायचीही ठरते. नियमाप्रमाणे नाव बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत संकेत मिळत नाही. पोर्टिंग करताना नावही बदलून घेऊ, असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो, पण या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि एकीच्या पोटात दुसरी बसत नाही. आधी जुन्या कंपनीकडे नाव बदलून घ्यावे, ते पूर्ण झाल्याचा संदेश येऊ द्यावा आणि मगच 1900 कडे वळावे.

कंपनीच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या नावावर असलेले नंबर हा याच घोळाचा मोठा भाऊ. दहा वर्षे वापरलेला नंबर आपलाच वाटतो, पण कागदोपत्री तो संस्थेचा असतो. तो हलवायचा तर संस्थेचे अधिकृत पत्र लागते. एका पत्रावर शंभरपर्यंत नंबर हलवता येतात आणि या वर्गात मात्र जुन्या कंपनीची तपासणी आजही मधे असते, त्यामुळे मुदत पाच कामकाजाच्या दिवसांची आहे. पत्रावरील सहीचा अधिकार नसणे, यादीतील एखादा नंबर चुकणे किंवा करारातील बाहेर पडण्याची अट पुरी झालेली नसणे, यांमुळे हे अर्ज परत येतात. नोकरी सोडताना हिशेबाबरोबर नंबराचे पत्रही मागून घ्यावे, कारण नंतर ते देण्याची घाई कोणाला नसते.

बिलाचे प्रकरण एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा सांगलीतील एक औषधविक्रेते पोस्टपेड नंबर वापरतात आणि त्यांना दुसऱ्या कंपनीकडे जायचे आहे. त्यांचे बिल महिन्याच्या १ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख १८ आहे. सोमवारी, ३ तारखेला त्यांनी 1900 ला संदेश पाठवला आणि उत्तर आले की बिल थकीत असल्याने संकेत देता येत नाही. त्यांचे म्हणणे असे की अजून पंधरा दिवस मुदत आहे, मग थकीत कसे? औषधविक्रेत्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे, पण नियमातील शब्द निघालेल्या बिलांबद्दल बोलतात, आणि बिल निघाले की ते भरून टाकणे हाच वाद टाळण्याचा मार्ग आहे. त्यांनी त्याच संध्याकाळी मोबाईलवरून पैसे भरले आणि लगेच पुन्हा संदेश पाठवला. पुन्हा तोच नकार. पैसे खात्यातून गेले असले तरी कंपनीच्या बिलाच्या नोंदीत ते जमा दिसायला वेळ लागतो आणि मध्यस्थ संस्था पाहते ती नोंद, ग्राहकाच्या हातातील पावती नव्हे. बिल जमा झाल्याचा कंपनीचा संदेश मंगळवारी दुपारी आला, त्यानंतर त्यांनी तिसऱ्यांदा संदेश पाठवला आणि या वेळी आठ अक्षर-अंकांचा संकेत आला.

आता दुसरे घड्याळ सुरू होते. संकेत चारच दिवस चालतो. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती, आणि जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत ती आजही तीस दिवसांची आहे. संकेताच्या संदेशात शेवटची तारीख दिलेली असते, ती आधी पाहावी. आपले औषधविक्रेते रविवारी दुकान बंद असते म्हणून रविवारी जाऊ म्हणाले असते तर संकेत शनिवारीच मेलेला असता आणि 1900 पासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. ते गुरुवारी गेले. दुकानात ओळख पटवली, अर्ज भरला, नवे सिम घेतले. येथे एक काळजी त्यांनी घेतली, ती सर्वांनी घ्यावी अशी आहे. संकेत तोंडी न सांगता फोनचा पडदा समोर धरला आणि भरलेला संकेत एकदा स्वतः ताडून पाहिला. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांची अदलाबदल आजही होते.

अर्ज दिल्यापासून चोवीस तासांत मन बदलले तर माघार घेता येते. त्यासाठी `CANCEL` लिहून पुढे नंबर टाकायचा आणि संदेश 1900 लाच पाठवायचा. जुन्या कंपनीचे फोन नेमके याच वेळेत येतात आणि आधी कधी न ऐकलेल्या सवलती समोर ठेवल्या जातात. त्या घ्याव्यात की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण चोवीस तासांनंतर माघारीचा मार्ग बंद होतो. पोर्टिंगला त्याच परवाना क्षेत्रात तीन कामकाजाचे दिवस लागतात. मधे रविवार असल्याने गुरुवारच्या अर्जाचे सिम सुरू व्हायला नवा आठवडा उजाडला. हेच गृहस्थ मुंबईत मुलाकडे राहायला जाऊन तेथील दुकानात अर्ज करते झाले असते, तर क्षेत्र बदलल्यामुळे पाच कामकाजाचे दिवस लागले असते. गोव्यात अर्ज केला असता तर मात्र तीनच. तीन दिवस होऊनही जुने सिम चालूच असेल तर अर्ज मध्यस्थापर्यंत पोचलाच नाही, अशी शंका प्रथम घ्यावी. नवे सिम देऊन अर्जाची नोंद मात्र नंतर करणारी दुकाने आहेत, आणि तेवढ्यात संकेताची मुदत उलटते.

आधीची सगळी कारणे ग्राहक आणि कंपनी यांच्यातील होती. अलीकडे त्यात तिसरा पक्ष आला, तो म्हणजे चोर. मोबाईल नंबर बँकेच्या ओटीपीशी जोडला गेल्यापासून नंबर ताब्यात घेणे म्हणजे खाते ताब्यात घेणे झाले. बनावट कागदपत्रांवर सिम हरवल्याचे सांगून त्याच नंबराचे दुसरे सिम मिळवायचे आणि मूळ ग्राहकाला सुगावा लागण्यापूर्वी नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करून टाकायचा, या चोरीला पोर्टिंगचा वेग सोयीचा होता. म्हणून मार्च २०२४ मध्ये नववी दुरुस्ती करून १ जुलै २०२४ पासून अशी अट घालण्यात आली की सिम बदलल्यापासून सात दिवस संकेत मिळणार नाही. २०१९ मध्ये सर्व भर वेग वाढवण्यावर होता, पाच वर्षांनी त्याच नियमावलीत मुद्दाम थोडा विलंब बसवावा लागला. मला हा विलंब योग्य वाटतो, पण त्याचा फटका प्रामाणिक ग्राहकालाही बसतो. फोन पाण्यात पडला, सिम खराब झाले, ते बदलून घेतले आणि आता बदलतोच आहोत तर कंपनीही बदलू असे ज्याने ठरवले, त्याला आठवडाभर थांबावे लागते. कंपनी बदलायचीच असेल आणि जुने सिम अजून चालत असेल तर आधी पोर्टिंग करावे, कारण त्यात नवे सिम मिळतेच.

पोर्टिंग पूर्ण झाल्यावरही जुन्या कंपनीशी एक धागा उरतो. प्रीपेड ग्राहकाचे उरलेले पैसे आणि योजनेतील शिल्लक दिवस नव्या कंपनीकडे येत नाहीत, ते बुडतात, म्हणून रिचार्ज संपत आले असतानाच निघावे. पोस्टपेड ग्राहकाचे उलट असते. सांगलीच्या औषधविक्रेत्यांनी १ तारखेपासून सिम बदलेपर्यंत जो वापर केला, त्याचे बिल अजून निघायचेच आहे. ते महिनाभराने येते, अनेकदा जुन्या ईमेलवर येते किंवा कोणी न पाहिलेल्या पत्त्यावर जाते, आणि ती कंपनी आपण सोडली म्हणून माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो. ते भरले गेले नाही तर जुनी कंपनी मध्यस्थामार्फत नव्या कंपनीला कळवू शकते, नवी कंपनी ग्राहकाला सूचना देते आणि त्यानंतरही पैसे भरल्याचा पुरावा मिळाला नाही तर नव्या कंपनीला तो नंबर बंद करावा लागतो. अशा वेळी ग्राहक नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन भांडतो आणि तिच्या नोंदीत तर त्याचे एकही बिल थकलेले नसते. जुन्या कंपनीचे शेवटचे बिल मागून घेऊन ते भरावे, पावती नव्या कंपनीकडे द्यावी आणि ती पावती निदान काही महिने जपून ठेवावी.